भेगा पडलेले बूट आणि तेलाची मर्यादा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या एका श्रोत्याने तपकिरी बुटांचे छायाचित्र पाठवून विचारले आहे की, तेल लावल्याने या भेगा बुजतील का. ते छायाचित्र आपल्याला दिसणार नाही, म्हणून त्यात काय आहे ते आधी सांगतो. लेसचे बूट आहेत आणि बरीच वर्षे खोक्यात पडून होते. चालताना पाऊल जिथे दुमडते तिथे, म्हणजे बोटांच्या थोडे मागे, दोन्ही बुटांवर आडव्या चिरा पडल्या आहेत आणि उजव्या बुटाच्या चिरेत एक पांढरट रेघ दिसते. चिरेच्या कडेचा पापुद्रा सुटून त्याखाली कापड दिसले असते, तर हे कृत्रिम चामडे आहे, यावर कष्ट घेऊ नका, एवढेच सांगून मी थांबलो असतो. परंतु येथे चिरेची कड केसाळ, तंतुमय आहे. ती खऱ्या चामड्याची खूण आहे.

चामडे म्हणजे प्रथिनांच्या तंतूंची घट्ट गुंतलेली जाळी. ते कमावताना या तंतूंमध्ये तेलकट द्रव्ये मुरवलेली असतात, त्यामुळे चामडे वाकवले की तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. वर्षानुवर्षांनी ही द्रव्ये कमी झाली की तंतू आखडतात आणि वाकवताना सरकण्याऐवजी तुटतात. तुटलेले तंतू पुन्हा सांधले जात नाहीत, म्हणून श्रोत्यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. तेलामुळे चीर बुजत नाही. तिच्या आजूबाजूचे चामडे मऊ होते आणि तिची पुढची वाढ मंदावते.

आता त्या पांढऱ्या रेघेकडे वळू. ते साचलेले जुने मेण असेल किंवा घामाचे मीठ असेल, आणि छायाचित्रावरून हे ठरवता येत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून क्षणभर सोडावी. रेघ वितळून दिसेनाशी झाली तर ते मेण आहे. तशीच राहिली तर बहुधा मीठ आहे, आणि ते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपून काढता येते.

स्वच्छतेपूर्वी लेस काढावी आणि बुटात लाकडी साचा किंवा कागदाचे बोळे घट्ट भरावेत, म्हणजे चीर उघडते आणि तिच्यातली धूळ मऊ ब्रशने निघते. त्यानंतर सॅडल सोप या चामड्यासाठीच्या साबणाचा फक्त फेस ओलसर फडक्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवावा आणि दुसऱ्या ओल्या फडक्याने तो लगेच पुसून घ्यावा. कपड्यांचा साबण मात्र टाळावा, कारण चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि अल्कधर्मी साबण त्याला मानवत नाही. बूट सावलीत, वाऱ्यावर रात्रभर वाळू द्यावेत. एकदा घाई करून मी ओले बूट हीटरजवळ ठेवले होते. सकाळी टाचेकडचे चामडे आकसून पुठ्ठ्यासारखे झाले होते आणि ते पुन्हा कधीच पूर्ववत झाले नाही. ओले चामडे कोरड्या चामड्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला आकसते, हे मला तेव्हा कळले.

चामड्याला तेलकटपणा परत देणारे कंडिशनर लावण्यापूर्वी बुटाच्या जिभेवर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो हळूहळू शोषला गेला, तर चामडे कंडिशनरही पिईल. तो मोत्यासारखा तसाच राहिला, तर वर मेणाचा किंवा रंगाचा थर आहे. तो थर मेणाचा असेल तर सफाई अजून पुरी झालेली नाही. रंगाचा असेल तर कंडिशनर मुख्यतः चिरांमधूनच आत जाईल. कंडिशनर वाटाण्याएवढे घेऊन बोटाने पातळ पसरावे, चिरेच्या कडांवर थोडे अधिक चोळावे, आणि दुसऱ्या दिवशी चामडे पुन्हा कोरडे वाटले तरच दुसरा हात द्यावा. त्याने रंग गडद होऊ शकतो, म्हणून आधी आतल्या बाजूला चाचणी घ्यावी. स्वयंपाकातले तेल लावण्याचा सल्ला नेहमी दिला जातो, पण मी तो देणार नाही, कारण ते डाग पाडते आणि कालांतराने खवट होते.

चीर डोळ्यांना खुपत असेल, तर चामड्यासाठीचा लवचीक फिलर मिळतो. तो कंडिशनर लावण्याआधी भरावा लागतो, कारण तेलकट कडेला तो धरत नाही. पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, बारीक पॉलिश-पेपरने सपाट करावा आणि मग रंग द्यावा. बॅगेच्या सपाट पाखेवर असे काम चांगले टिकते. बुटाच्या दुमडीवर मात्र प्रत्येक पावलाला ताण येत असल्याने फिलर काही दिवसांत सुटू शकतो. म्हणून या बुटांना मी फिलर भरणार नाही, चिरा दिसत राहिल्या तरी चालतील. बुटात हात घालून चीर आतून दाबून पाहावी. चिरेतून उजेड किंवा अस्तर दिसले, तर चामडे आरपार फाटले आहे आणि तिथे आतून चामड्याचे ठिगळ लावणे हे चांभाराचे काम आहे.