ओळखलंस का?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या डिसेंबरात इंदूरला, रामबागेत, आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन झालं. शाळा सोडून चाळीस वर्षं झाली होती. मी पोह्यांवर जिरावण घालून घेत होते, तेवढ्यात एक बाई आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ओळखलंस का?"

"अगं, ओळखलं की!" मी म्हणाले. खरं तर काहीच आठवत नव्हतं. ती भावाबद्दल बोलली, गणिताच्या सरांबद्दल बोलली, मी नुसतं "हो ना, हो ना" करत राहिले. मग तिनं विचारलं, "सांग बरं मी कोण?" मी गप्प. माझ्या हातावरची तिची पकड सैल पडली. ते अजून मनातून जात नाही.

यात विसरभोळेपणाचा भाग फार नसतो. १९७५ साली अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळा सोडून तीसेक वर्षं झालेल्यांना त्यांनी वर्गसोबत्यांचे शाळेतले फोटो इतरांच्या फोटोंत मिसळून दाखवले. दहातले जवळजवळ नऊ चेहरे लोकांनी बरोबर निवडले. मात्र फोटो पाहून नाव सांगायची वेळ आली, तेव्हा तीच माणसं अडली. म्हणजे दोन वेण्यांची ती मुलगी माझ्या मनात शाबूत होती. समोर उभा होता तो चष्म्याचा, पांढऱ्या केसांचा चेहरा, आणि तो मी कधी पाहिलेलाच नव्हता.

म्हणून मला वाटतं, भेटल्याबरोबर "ओळखलंस का" विचारूच नये. आपण होऊन नाव सांगावं. बायकांनी तर माहेरचंच सांगावं. सासरचं आडनाव वर्गात कुणी ऐकलेलं असतं? सोबत एखादी खूण द्यावी: "खिडकीजवळच्या बाकावर, तुझ्या मागे बसायचे." आणि समोरच्यानं विचारलंच, तर "चेहरा ओळखीचा वाटतोय, नाव सांग ना" असं सरळ म्हणावं. पहिल्याच वाक्यात म्हटलं तर कुणाला लागत नाही. दहा मिनिटं हो ला हो केल्यावर लागतं.

अहो-जाहोचंही तसंच. आमच्या वर्गातले मुलगे-मुली तेव्हा एकमेकांशी बोलतही नसत. आता त्यांना एकदम "अरे" म्हणायला जीभ रेटत नाही. अशा वेळी मी "तुम्ही"नं सुरुवात करते. त्यांनी "अगं" म्हटलं की मीही "अरे"वर येते.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. नाही आठवत गं, सांग." तिनं माहेरचं नाव सांगितलं, आणि सांगताना तोंडावर हात धरून हसली. शाळेत ती अशीच हसायची. माझ्या तोंडून एकदम निघालं, "अगं, तुझा कंपास माझ्याकडेच राहिला होता!"