मागे माणूस बसला की ब्रेक कुठे लागतो?

गाडी उभी आहे. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला. मागचा माणूस विचारतो, "बसू?" होकार मिळाला की डावा पाय फूटरेस्टवर ठेवून तो बसतो. आता समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड पाहा. तो वर सरकलाय. मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे मागचं शॉकअप दबतं आणि गाडीचं तोंड वर होतं. म्हणूनच मागच्या टायरमध्ये हवा भरताना गाडीवरच्या स्टिकरवरचा दोन माणसांसाठीचा आकडा पाहायचा.

आता ब्रेकचा हिशेब. गाडी १४० किलोची, चालवणारा ७०चा. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक दाबला की गाडी साधारण २३ मीटरमध्ये थांबते. मागे ६५ किलोचा माणूस बसवा आणि लिव्हर तेवढ्याच जोराने दाबा: ३० मीटर लागतात. वाढलेले ७ मीटर म्हणजे जवळजवळ दोन मोटारींची लांबी. शिवाय ब्रेककडे बोटं जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात १७ मीटर आधीच गेलेले असतात.

म्हणजे लिव्हर जास्त दाबायला हवी, पण झटक्याने नाही. दाब वाढवत न्यायचा. मागच्या ब्रेकचाही आता जास्त उपयोग होतो. एकटं असताना जोरात ब्रेक लावला की मागचं चाक हलकं होऊन घसरतं. आता त्यावर वजन आहे, त्यामुळे ते जास्त ब्रेक सहन करतं.

पण झटका बसला, तर मागचा माणूस पुढे सरकतो. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं, छातीचा भार पाठीवर येतो, चालवणाऱ्याचे हात हँडलवर ताठरतात आणि नेमकी त्याच वेळी गाडी वळवता येत नाही. म्हणून एक हात मागच्या ग्रॅब रेलवर, दुसरा पुढच्याच्या कमरेला. मांड्या सीटला घट्ट आणि ब्रेक लागला की फूटरेस्टवर पाय रोवायचे.

वळणावर त्याने गाडीसोबत कलायचं. सोपी युक्ती अशी: वळण ज्या बाजूला, चालवणाऱ्याच्या त्या खांद्यावरून पुढे पाहायचं. भीतीने तो ताठ बसला, तर तेच वळण घ्यायला गाडी आणखी कलवावी लागते.

सिग्नलला मात्र वेगळीच गंमत होते. गाडी थांबता थांबता मागचा मदत म्हणून पाय खाली टाकतो किंवा बाजूला वाकून पुढे डोकावतो. त्या वेगात गाडीला स्वतःचा तोल नसतो. एवढ्यानेही ती आडवी होते. गाडी थांबली तरी मागच्याचे पाय फूटरेस्टवरच.

हेल्मेटमध्ये ओरडलेलं ऐकू येत नाही. खुणा निघण्याआधीच ठरवाव्यात: खांद्यावर एक थाप म्हणजे बसलो, दोन म्हणजे हळू, सलग थापा म्हणजे थांब. उतरतानाही आधी विचारायचं आणि "उतर" ऐकल्यावरच पाय उचलायचा.