प्लासेंटा खाली आहे म्हणजे नक्की किती खाली?

नमस्कार मंडळी. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये खाली एक ओळ असते, 'लो लाइंग प्लासेंटा', आणि ती वाचली की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात, कोणीतरी म्हणतं आता सिझरच, कोणीतरी म्हणतं आता अंथरुणातून उठायचं नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नसतं. आज मी फक्त याच एका ओळीबद्दल बोलणार आहे.

प्लासेंटा म्हणजे वार, तिच्यातून बाळाला रक्त आणि अन्न मिळतं आणि ती गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. बहुतेक वेळा वरच्या बाजूला. पिशवीच्या आतल्या तोंडापासून वारेची कड 20 मिलिमीटरपेक्षा जवळ असेल पण तोंडावर आलेली नसेल तर तिला लो लाइंग म्हणतात, आणि तोंडच झाकलं असेल तर त्याला प्लासेंटा प्रीव्हिया म्हणतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, रिपोर्ट हातात आला की आधी बघा कुठला शब्द लिहिलाय, आणि मिलिमीटरचा आकडा लिहिलाय का. नुसतं 'लो' लिहिलं असेल आणि आकडा नसेल तर बिनधास्त विचारायचं, किती मिलिमीटर?

आता एक उदाहरण घेऊ. एक पहिलटकरीण आहे असं समजा, आधी कुठलं ऑपरेशन नाही. 20 आठवड्यांना पोटावरून सोनोग्राफी झाली, वार मागच्या भिंतीला आणि कड तोंडापासून साधारण 8 मिलिमीटरवर असं आलं. पण पोटावरून बघताना यात दोन गडबडी होतात. एक, मूत्राशय खूप भरलेलं असलं की ते पिशवीचा खालचा भाग दाबतं आणि वार आहे त्यापेक्षा खाली दिसते. दुसरी, वार मागे असली की मधे बाळ येतं आणि कड नीट दिसतच नाही, मग माप अंदाजे घेतलं जातं. म्हणून तिला लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि आतून म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी केली. याला बायका फार घाबरतात, वाटतं वारेला धक्का लागेल, ब्लीडिंग होईल, पण प्रोब गर्भपिशवीच्या तोंडात जातच नाही, अलीकडेच थांबतो, आणि माप अगदी नेमकं मिळतं. हिचं आलं 11 मिलिमीटर.

मग काय केलं? काहीच नाही, 32 आठवड्यांची तारीख दिली. कारण 20 आठवड्यांना पिशवीचा खालचा भाग अजून पुरता तयार झालेला नसतो, तो पुढच्या महिन्यांत लांबत जातो आणि वारेची कड तोंडापासून दूर जाते. लोक म्हणतात वार वर सरकली. सरकत वगैरे काही नाही, ती चिकटलीय तिथेच असते, मधलं अंतर वाढतं. शिवाय वरच्या बाजूला रक्तपुरवठा चांगला असतो त्यामुळे वारेची वाढ तिकडे जास्त होते. पाचव्या महिन्यात वार खाली असलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणींची डिलिव्हरीपर्यंत लांब गेलेली असते. मात्र आधी सिझर झालं असेल आणि वार पुढच्या भिंतीला, त्या जुन्या टाक्यांच्या जागेवर असेल तर हे गणित लागू नाही, तिथे वार भिंतीत खोल रुतण्याचा धोका असतो, आणि तो बघायला अनुभवी सोनोग्राफरकडे लवकर जायचं.

बेडरेस्टचं म्हणाल तर नुसतं पडून राहिल्याने वार वर जात नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जपायचं ते ब्लीडिंगला. पोट न दुखताही अचानक लाल रक्त जाऊ शकतं आणि दुखलं नाही म्हणून ते किरकोळ समजायचं नाही. थोडंसं गेलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, जाताना सोनोग्राफीचे रिपोर्ट न्यायचे आणि तिथे जो कोणी भेटेल त्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की माझी वार खाली आहे, म्हणजे सोनोग्राफी बघितल्याशिवाय कोणी बोट घालून आतून तपासणार नाही. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर तेही सांगायचं कारण अशा वेळी अँटी डी इंजेक्शन लागू शकतं.

32 आठवड्यांना आपल्या बाईचं माप आलं 14. याच वेळी आतूनच कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून अजून एक गोष्ट बघतात, पिशवीच्या तोंडावरून बाळाच्या रक्तवाहिन्या तर जात नाहीत ना. वार लांब गेली तरी अशा वाहिन्या कधी कधी मागे राहतात आणि पाणी फुटताना त्या फुटल्या तर बाळाचंच रक्त जातं. म्हणून 'आता वार वर आहे' एवढं ऐकून खूश होऊन निघायचं नाही, डॉपलर झालं का हे विचारायचं. हिचं डॉपलर क्लिअर होतं.

36 आठवड्यांना परत आतून माप, 16 मिलिमीटर. डिलिव्हरीचा खरा निर्णय या मापावर होतो, पाचव्या महिन्यातल्या नाही. 20 च्या पुढे असतं तर विषयच संपला होता, नॉर्मलची वाट बघायची. तोंड झाकलेलं असतं तर सिझरच, आणि कळा सुरू व्हायच्या आधी, बाकी सगळं ठीक असेल तर 36 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान, कारण तोंड उघडायला लागलं की वार सुटते आणि रक्त थांबत नाही. 10 किंवा त्याहून कमी असतं तर कळांमध्ये ब्लीडिंग होण्याची शक्यता जास्त, म्हणून बरेच डॉक्टर 37-38 आठवड्यांना सिझर ठरवतात. 11 ते 20 ही मधली जागा आहे, इथे नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करता येतो, बऱ्याच जणींची होतेही, पण कुठे करायची याला फार महत्त्व येतं. माझं स्पष्ट मत आहे की जिथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ मिळतो आणि रक्त हाताशी असतं अशाच ठिकाणी करायची, घराजवळ आहे म्हणून छोट्या ठिकाणी नको. हिला आधी ब्लीडिंग झालेलं नव्हतं, बाळाचं डोकं खाली होतं, हिमोग्लोबिन 11 च्या वर आणून ठेवलं होतं, त्यामुळे नॉर्मलचा प्रयत्न ठरला, आणि कळांमध्ये जास्त रक्त गेलं तर लगेच सिझर हेही आधीच बोलून ठेवलं, संमतीच्या कागदावर सही घेऊन.

39 आठवड्यांना कळा आल्या, बाळ नॉर्मल झालं. रक्त जास्त गेलं ते त्यानंतर, वार पडल्यावर, आणि ते अपेक्षितच होतं, कारण पिशवीच्या वरच्या भागाचे स्नायू जोरात आवळतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या बंद होतात, खालच्या भागात स्नायू कमी, तो तेवढा आवळत नाही, आणि हिची वार तिथूनच सुटली होती. त्यामुळे पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन इंजेक्शन आधीच तयार ठेवलं होतं, सलाईनसाठी दोन जाड सुया आधीच लावलेल्या होत्या, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिलं, आणि तिच्या रक्ताशी जुळवून म्हणजे क्रॉसमॅच करून ठेवलेली रक्ताची पिशवी लागलीच नाही.