काळ्या कोटावरची चांदी

मंडळी, मला अर्धा तास दिलाय आणि विषय आहे जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करताना दिसणारी चंदेरी झाक. तंत्राकडे जायच्या आधी आमच्या घरातल्या एका फोटोची गोष्ट सांगतो, कारण मला या नादाला त्यानेच लावलं.

आजी-आजोबांच्या लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो. आजोबांचा काळा कोट, आजीची काठापदराची साडी. आमचं घर कोकणात, त्यामुळे पावसाळ्यात भिंतींना ओल. फ्रेम चाळीस वर्षं त्याच भिंतीवर होती. समोरून पाहिला तर फोटो ठीक दिसायचा. पण खिडकीशी नेऊन जरा तिरका धरला की कोटावर निळसर पारा चढल्यासारखं दिसे. कडांना जास्त, चेहऱ्यांवर जवळजवळ नाही.

मी तो एका दुकानात स्कॅनला दिला. स्कॅनमध्ये कोट काळा राहिलाच नाही, धुक्यात बुडाल्यासारखा राखाडी झाला. दुकानदाराने कॉन्ट्रास्ट वाढवला, तर आजीचा चेहरा पांढराफटक. मग म्हणाला, "वर घाण बसलीये," आणि मी काही म्हणायच्या आत ओल्या कापसाने कोपरा घासला! झाक गेली खरी, पण ओलीने फुगलेल्या जिलेटिनवर कापसाचे ओरखडे कायमचे उमटले. त्या कोपऱ्यावरून आजही बोट फिरवलं की मन खट्टू होतं. घरी कोणी फोटो पुसायला निघालं, तर आधी त्यांच्या हातातला कापूस काढून घ्या. (हशा)

कारण ती घाण नव्हतीच. कृष्णधवल प्रिंटमधला काळेपणा म्हणजे जिलेटिनच्या थरात अडकलेले चांदीचे बारीक कण. दमट हवा, आणि रंग, पुठ्ठा, प्लायवूड यांतून निघणारे वायू यांनी ही चांदी आयन होऊन सुटते, जिलेटिनमधून वर सरकते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. जिथे चांदी जास्त, म्हणजे कोट, केस, काळी पार्श्वभूमी, तिथे झाक जास्त. हवा कडेने आत शिरते, म्हणून सुरुवात कडांपासून. म्हणजे तुम्ही जे पुसता ती चित्रातलीच चांदी असते.

वेळेची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता उपायाकडे पळतो.

फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये दिवा आणि सेन्सर यांचा कोन ठरलेला असतो, तुम्हाला बदलता येत नाही. म्हणून शक्य असेल तर प्रिंट कॅमेऱ्याने वरून टिपा. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर एलईडी दिवे लावा आणि त्यांच्यापुढे पोलरायझर फिल्म धरा, म्हणजे फक्त एकाच दिशेत कंपन करणारा प्रकाश सोडणारी फिल्म. दोन्ही फिल्मचा अक्ष एकाच दिशेला हवा. लेन्सवर दुसरा पोलरायझर लावा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. प्रिंटशेजारी स्टीलचा चमचा ठेवा आणि लेन्सवरचा पोलरायझर फिरवत राहा. चमच्यावरची चमक विझून तो जवळजवळ काळा झाला की थांबा. धातूवरून परतणारा प्रकाश आपली कंपनाची दिशा बऱ्यापैकी राखतो, म्हणून तो अडतो. कागदातून पसरून येणाऱ्या प्रकाशाची कंपनाची दिशा विस्कटलेली असते, म्हणून तो बराचसा पार होतो. आमच्या फोटोला आधी एक्स्पोजर १/३० सेकंद होतं, यानंतर १/३ सेकंद लागलं. इतका प्रकाश जातोच, म्हणून ट्रायपॉड आणि रिमोट हवाच. पण कोट काळा झाला, आणि त्याच्या बटणांची ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

कॅमेरा नसेल तर स्कॅनरवर ग्रेस्केल निवडू नका, २४ किंवा ४८ बिट रंगात स्कॅन करा. झाक निळसर असल्याने निळ्या चॅनलमध्ये ती जास्त आणि लाल चॅनलमध्ये कमी दिसते. फोटोशॉपच्या `Channels` पॅनलमधून फक्त `Red` घ्या आणि त्यावरूनच कृष्णधवल फाइल करा. धुकं पूर्ण जाणार नाही, पण कोट आणि मागचा पडदा वेगळे ओळखू येतील.

दोन गोष्टी घाईत. पोलरायझरने कॉन्ट्रास्ट वाढतो आणि प्रिंटची मूळ तकाकीही जाते, म्हणून पोलरायझरशिवायचा एक फोटो नोंदीसाठी काढून ठेवा. आणि झाक काढली म्हणजे विटलेला भाग परत येत नाही. आमच्या फोटोत उजवीकडचा पडदा फिकाच राहिला. तिथली चांदी जागेवर उरलेली नाही, आणि ती कुठल्याच चॅनलमध्ये सापडणार नाही.

ज्यांनी फोटो आणलेत त्यांनी खिडकीपाशी या. आधी तिरका धरून पाहू.