साडेतीनपर्यंत थांबलेला चार्ट

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. एका चॅनेलवर चार्टचा स्क्रीनशॉट येतो. एक आडवी रेघ, तिच्यावर चढलेली हिरवी कॅन्डल आणि खाली एकच ओळ: 500 च्या वर ब्रेकआउट, स्टॉपलॉस 480, टार्गेट 560. शेअरचं नाव इथे घेत नाही. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अशी पोस्ट तुम्ही या आठवड्यातही पाहिली असेल.

आपल्या हातात ती पडते पावणेएकला. तोवर भाव 515 झालेला असतो. हात खरेदीच्या बटणाकडे जातो, कारण भाव पळतोय.

आधी चार्टच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे लिहिलंय 1D. म्हणजे इथली प्रत्येक कॅन्डल एका पूर्ण दिवसाची आहे. आपला बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. अकरा दहाला जी हिरवी कॅन्डल दिसत होती, ती अजून तयारच व्हायची होती. रोजच्या चार्टवर 500 ची पातळी मोडली असं म्हणायचं, तर दिवस 500 च्या वर बंद व्हायला हवा. पोस्टमध्ये ही अट लिहिलेली नाही, पण टाइमफ्रेममध्येच ती दडलेली आहे. हाच स्क्रीनशॉट पंधरा मिनिटांच्या चार्टचा असता तर कॅन्डल केव्हाच पूर्ण झाली असती, पण मग 60 रुपयांचं टार्गेट एवढ्या छोट्या चार्टवर कुठून आलं, हे विचारावं लागलं असतं.

आता एंट्री. पोस्टप्रमाणे 500 ला घेतलं तर जोखीम 20 रुपये आणि मिळकत 60, म्हणजे एकास तीन. अशा सौद्यांत शंभरातले पंचवीस बरोबर आले तरी खर्च सोडून हिशेब जुळतो. पण आपण घेणार 515 ला. स्टॉपलॉस तोच, टार्गेट तेच. जोखीम झाली 35, मिळकत उरली 45. आता शंभरात चव्वेचाळीस सौदे बरोबर यावे लागतील. चार्ट तोच असला तरी आपला सौदा वेगळा झाला. पोस्ट टाकणारा कितीही जाणकार असो, हा फरक तो भरून देऊ शकत नाही.

इथे बरेच जण एक पळवाट काढतात. जोखीम मोठी वाटते ना, मग स्टॉपलॉस 508 ला लावू. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण ती शिस्तीसारखी दिसते. डावीकडे सरकून मागचे तीन आठवडे बघा. भाव तीनदा 483-484 पर्यंत खाली आला आणि तिथून उचलला गेला. म्हणून 480. तिथे भाव गेला तर मांडणीच चुकली, असं तो आकडा सांगतो. 508 च्या मागे असं काहीच नाही. हा शेअर रोज बारा-पंधरा रुपये वरखाली होतो, त्यामुळे 515 वरून 508 ला तो चहा पिऊन होईपर्यंत येईल. मांडणी बरोबर असूनही आपण बाहेर पडलेले असू.

जोखीम आवरायची तर स्टॉपलॉस जवळ ओढायचा नाही, शेअरची संख्या कमी करायची. खात्यात एक लाख असतील आणि एका सौद्यात हजारच घालवायची तयारी असेल, तर 20 रुपयांच्या अंतराला 50 शेअर येतात, 35 च्या अंतराला 28. अर्थात सकाळी भाव थेट 480 च्या खाली उघडला, तर हजाराहून जास्त जातील. रात्रभर ठेवलेल्या शेअरला ही जोखीम असतेच.

साडेतीन वाजले. दिवस 497 ला बंद झाला. अकराची ती भरीव हिरवी कॅन्डल आता छोट्या अंगाची, वर लांब काडी आलेली दिसतेय. ब्रेकआउट झालाच नाही. 515 ला घेणारा प्रत्येक शेअरमागे 18 रुपयांनी खाली आहे, आणि तो ज्या कारणासाठी शिरला ते कारण चार्टवर उरलेलं नाही.

आपण 500 वर फक्त अलर्ट लावून ठेवला. बुधवार आणि गुरुवार भाव खालीच घुटमळला. शुक्रवारी साडेतीनला कॅन्डल 504 ला पूर्ण झाली आणि सोमवारी बाजार त्याच भावाला उघडला. 504 वरून 480 म्हणजे 24 रुपयांची जोखीम, वर 56 ची जागा. एकास दोनपेक्षा थोडं जास्त.

हजाराला चोवीसने भागलं. 41 शेअर, डिलिव्हरीत. विक्रीची स्टॉपलॉस ऑर्डर 480 ला, खरेदी होताच लावलेली.