चार कॅप्सूल कुणाला द्यायच्या?

[दृश्य: दातांच्या दवाखान्यातली खुर्ची. ट्रेवर चिमटे, कापसाचे बोळे.]

खालच्या जबड्यातली दाढ. कीड मुळांपर्यंत गेलीय, रूट कॅनल करून वाचेल अशी राहिलेली नाही. काढायचं ठरलंय. अशाच दाढेसाठी एकाच सकाळी दोन पेशंट आले आहेत, असं धरून चालू. दोघांनाही लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आणि त्यात दोघांच्याही हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. बाईंची झडप पुढे ऑपरेशन करून बदलावी लागली. आता तिथे धातूची झडप आहे. गृहस्थांची झडप अजून स्वतःचीच आहे. जाड झालीय, थोडी गळते, पण काम भागतंय.

बाईंना दाढ काढण्याच्या तासभर आधी अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम घ्यायला सांगितल्या आहेत. गृहस्थांना काहीच नाही. ते विचारतात, "डॉक्टर, झडप तर माझीही खराबच आहे. पूर्वी प्रत्येक वेळी देत होते. आता काय झालं?"

प्रश्न रास्त आहे. आणि "आता नियम बदललाय" एवढ्यावर त्यांची बोळवण करणं बरोबर नाही.

[दृश्य: झडपेचं रेखाचित्र. पाकळीच्या कडेवर हळूहळू साचत जाणारा थर.]

आधी भीती कशाची आहे ते पाहू. निरोगी झडपेची पाकळी गुळगुळीत असते, रक्तातले जंतू तिच्यावर टिकत नाहीत. झडप खराब झाली की रक्ताचा झोत वेडावाकडा जातो, आतलं अस्तर खरवडलं जातं आणि तिथे प्लेटलेट व फायब्रिनचा बारीक थर धरतो. रक्तातून जाणारा जंतू या थराला चिकटतो. तोंडात कायम राहणारे व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकोकाय यात पटाईत. चिकटले की वाढतात, त्यांच्यावर आणखी थर चढतो, आणि आतल्या जंतूंपर्यंत शरीराच्या संरक्षक पेशी पोचत नाहीत. हाच एंडोकार्डायटिस, म्हणजे झडपेचा जंतुसंसर्ग. त्यात झडप फाटू शकते, आणि थराचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवाही होऊ शकतो.

दाढ काढताना हिरडीतल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि जंतू रक्तात शिरतात. मग आधीच अँटिबायोटिक दिलं तर? तर्क सरळ आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९५५ साली तशी पहिली शिफारस केली, आणि पुढची पन्नास वर्षं जवळजवळ प्रत्येक खराब झडपेला हे कवच दिलं गेलं. आपले गृहस्थ त्याच काळातले पेशंट.

तर्क सरळ असला तरी तो तपासून पाहायला बराच उशीर झाला. २००८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २९० माणसांचे तीन गट केले. एका गटानं नुसते दात घासले. दुसऱ्या गटाचा दात काढला, आधी खोटी गोळी देऊन. तिसऱ्याचा दात काढला, आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन देऊन. प्रत्येकाचं रक्त सहा वेळा घेऊन त्यात झडपेला घातक ठरणारे जंतू आहेत का ते पाहिलं. औषधाविना दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात असे जंतू सापडले. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलेल्यांत ३३ टक्के. म्हणजे औषधानं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं, पण कवच पूर्ण नव्हतं.

आणि नुसते दात घासणारे? २३ टक्के.

[दृश्य: नळाखाली धुतला जाणारा ब्रश.]

दात वर्षानुवर्षांत एखादा काढतात. घासतात रोज. शिवाय प्रत्येक जेवणात चावताना, दातांत अडकलेला कण काढताना थोडे जंतू रक्तात जातात आणि शरीर ते बहुधा काही मिनिटांत साफ करतं. १९८४ सालच्या एका हिशेबानुसार, महिनाभराच्या चावण्या-घासण्यातून रक्तात जंतू असण्याची एकूण वेळ ५,००० मिनिटांच्या वर जाते. एक दात काढल्यानं ती फार तर अर्ध्या तासाची. हिशेब ढोबळ आहे, आकड्यावर मी पैज लावणार नाही. पण तफावत इतकी मोठी आहे की ढोबळपणा पोटात घालूनही निष्कर्ष उभा राहतो. झडपेला लागण झालीच, तर ती दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीपेक्षा रोजच्या तोंडातून आलेली असण्याचा संभव जास्त. हिरड्या सुजलेल्या, सहज रक्त येणाऱ्या असतील तर आणखीच.

म्हणून २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं यादी एकदम आखूड केली. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २००९ साली तेच केलं.

पण इथेच गृहस्थांचा प्रश्न जास्त टोकदार होतो. त्या २००७ च्या कागदातच अंदाज दिलेले आहेत. दातांच्या उपचारामुळे लागण होण्याचा धोका, झडपेचा काहीच आजार नसलेल्या माणसाला १ कोटी ४० लाख उपचारांमागे एक. ऱ्हुमॅटिक झडपेला १ लाख ४२ हजारांमागे एक. कृत्रिम झडपेला १ लाख १४ हजारांमागे एक. शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहा. गृहस्थ आणि बाई यांच्यात फरक आहे तो एवढासाच. मग एकाला चार कॅप्सूल आणि दुसऱ्याला शून्य, हे कसं?

कारण रेघ 'लागण कुणाला होईल' यावर ओढलेलीच नाही. ती ओढली आहे 'झाली तर कुणाचं काय होईल' यावर. २००७ सालचा खरा बदल हा आहे, आणि माझ्या मते पेशंटना नेमका हाच सांगितला जात नाही.

तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकायची लागण स्वतःच्या झडपेला झाली, तर शिरेतून काही आठवडे अँटिबायोटिक देऊन बहुतेक माणसं बरी होतात. मृत्यूचं प्रमाण पाच टक्के किंवा त्याहून कमी. तीच लागण, तेच जंतू कृत्रिम झडपेवर बसले की प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून जास्त. धातूला किंवा कापडी कड्याला रक्तपुरवठा नसतो, त्यावर बसलेल्या जंतूंना औषध पुरतं गाठत नाही. टाक्यांच्या रेषेत पू होतो, झडप सैल होते, आणि आधीच एकदा उघडलेल्या छातीत पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

म्हणजे कवच थोडंच उपयोगी आहे हे मान्य करूनही, जिथे हरणं परवडणारच नाही तिथे ते द्यायचं. यादीत उरले ते असे: कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेले, एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषांपैकी काही ठरावीक गंभीर प्रकार, आणि हृदयारोपणानंतर झडप बिघडलेले. मायट्रल प्रोलॅप्स म्हणजे मायट्रल झडपेची पाकळी मागे फुगणं, ऱ्हुमॅटिक झडप, हृदयातली साधी कुरकुर या गोष्टी यादीबाहेर गेल्या.

[दृश्य: कॅप्सूलची पट्टी, शेजारी पाण्याचा ग्लास.]

"देऊन टाका की, चार कॅप्सूलनं काय बिघडतं?" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडीही ऐकू येतं. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या एका डोसानं क्वचितच बिघडतं, हे खरं. पण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना वर्षानुवर्षं क्लिंडामायसिन दिलं जात होतं. इंग्लंडमधल्या नोंदींत त्याच्या दर दहा लाख प्रिस्क्रिप्शनमागे तेरा मृत्यू आढळले, मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्याच्या संसर्गानं. अ‍ॅमॉक्सिसिलिनमागे एकही नाही. लाखाला एकच्याही आतल्या धोक्यासाठी असं औषध देणं म्हणजे सरळ तोट्याचा व्यवहार. २०२१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं या कामासाठी क्लिंडामायसिन काढूनच टाकलं.

इंग्लंडनं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. २००८ साली उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनं सगळ्यांचंच कवच बंद केलं, कृत्रिम झडपेच्या पेशंटचंही. महिन्याला सुमारे १०,९०० प्रिस्क्रिप्शन निघत, ती घसरून सरासरी २,२०० वर आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की त्यानंतर एंडोकार्डायटिस अपेक्षेपेक्षा जास्त वेगानं वाढला. मार्च २०१३ पर्यंत महिन्याला ३५ पेशंट जास्त. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. पण २०१६ साली नाइसनं आपल्या वाक्यात एक शब्द घातला: 'सरसकट' देऊ नये. एवढ्या एका शब्दानं बाईंसारख्यांसाठी दार पुन्हा किलकिलं झालं. पुढे २०२२ साली अमेरिकेतल्या जवळजवळ ८० लाख लोकांच्या नोंदींतून दिसलं की जास्त धोक्याच्या गटात दात काढल्यानंतरच्या चार आठवड्यांत लागण वाढते, आणि कवच घेतलेल्यांत ती कमी असते. दोन गट पाडून केलेली खरी चाचणी मात्र आजवर झालेली नाही. आजार इतका विरळा की तिला अफाट संख्येनं माणसं लागतील.

[दृश्य: खुर्चीत बसलेल्या बाई. डॉक्टर फाइल चाळताहेत.]

बाईंकडे परत येऊ. कवच म्हणजे पाच दिवसांचा कोर्स नव्हे, एकच डोस: दोन ग्रॅम, तोंडानं, अर्धा ते एक तास आधी. घ्यायचा राहून गेला तर दाढ काढल्यावर दोन तासांच्या आत घेता येतो. डॉक्टर त्यांना विचारतात, ऱ्हुमॅटिक तापासाठीचं पेनिसिलिनचं इंजेक्शन अजून घेता का? घेत असतील, तर तोंडातले जंतू त्या कुळाच्या औषधाला सरावलेले असू शकतात. अशा वेळी अ‍ॅमॉक्सिसिलिनऐवजी वेगळ्या कुळातलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. धातूच्या झडपेमुळे बाईंना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू आहे, ती परस्पर बंद करायची नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर चाचणी पाहून दाढ काढायची. आणि वॉरफरिन चालू असताना कवचाचं औषध दंडात टोचायचं नाही, आत रक्त साकळतं.

प्रत्येक उपचाराला कवच लागत नाही. हिरडीला किंवा दाताच्या मुळाच्या टोकाला धक्का लागणार असेल, तोंडाची त्वचा छेदली जाणार असेल, तरच. हिरडीखालची सफाई यात येते. एक्स-रे, निरोगी जागी दिलेलं भुलीचं इंजेक्शन, तारांची नेहमीची घट्ट-सैल, यासाठी बाईंनाही काही नको.

गृहस्थांचं ते इंजेक्शन चालू असेल तर ते तसंच चालू राहील. ते ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा उलटू नये म्हणून असतं, दाढेशी त्याचा संबंध नाही. "आता अँटिबायोटिक लागत नाही" हे ऐकून ते बंद करणारे पेशंट असतात, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. कॅप्सूलऐवजी त्यांना हिरड्यांची तपासणी आणि दर सहा महिन्यांची भेट मिळते. घासताना रक्त येणं थांबलं, तर वर सांगितलेल्या रोजच्या हिशेबातला बराच भाग कमी होतो.

जाताना दोघांनाही एक सूचना सारखीच. येत्या काही आठवड्यांत बारीक ताप राहू लागला, रात्री घाम सुटला, भूक गेली, तर घरात उरलेलं अँटिबायोटिक घ्यायचं नाही. अर्धवट औषधानं ताप उतरतो, जंतू झडपेवर तसेच राहतात आणि रक्तातले जंतू वाढवून ओळखणाऱ्या कल्चर तपासणीत काही उगवत नाही. मग नेमकं कोणतं औषध द्यायचं ते कळायला मार्ग उरत नाही. आधी डॉक्टरांना झडपेचं सांगायचं, वेगवेगळ्या वेळी टोचून कल्चरचे तीन नमुने द्यायचे, आणि पहिला डोस त्यानंतर.