लेटरहेडवरचे पाच कोटी
(लातूरमध्ये आडते, व्यापारी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे एका कंपनी सेक्रेटरीने दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आपल्या सगळ्यांच्या घरी येतो. त्यात 'अधिकृत भाग भांडवल' आणि 'वसूल भाग भांडवल' असे दोन आकडे असतात. आपण लाभांश किती टक्के, एवढं बघतो आणि अहवाल टीपॉयखाली सरकवतो. कंपनीच्या बाबतीत हेच दोन आकडे न बघितल्यामुळे आमच्या एका पाहुण्यांचे नऊ लाख अडकले. आज तेवढंच सांगणार आहे.

पाहुणे आडत्ये. हंगामात त्यांच्याकडे एका खरेदीदार कंपनीचा माणूस आला. रंगीत लेटरहेड, त्यावर ठळक अक्षरांत 'अधिकृत भांडवल 5 कोटी रुपये'. पाहुण्यांनी दोनशे क्विंटल सोयाबीन साडेचार हजारानं पंधरा दिवसांच्या उधारीवर दिलं. पंधराचे साठ दिवस झाले. तेव्हा ते लेटरहेड घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पाच कोटीची कंपनी हाय, नऊ लाख कुठं जातेत?"

मी mca.gov.in उघडलं. तिथं कुठल्याही कंपनीचं नाव टाकलं की `Company Master Data` फुकट दिसतो. `Authorised Capital` समोर पाच कोटी होतेच. त्याच्या खालीच `Paid up Capital` समोर होते 1,00,000. एक लाख.

पाच कोटी खोटे नव्हते. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील याची मर्यादा. ती कंपनीच्या घटनापत्रात, म्हणजे मेमोरँडममध्ये लिहिलेली असते. गोदामाच्या दारावर 'क्षमता 5,000 पोती' असं रंगवलेलं असतं ना, तसं. आत किती पोती आहेत ते दार सांगत नाही. शेअर प्रत्यक्ष काढले, कुणीतरी घेतले आणि त्यांचे पैसे भरले, ते वसूल भांडवल. या कंपनीत दोघा संचालकांनी मिळून एक लाखाचे शेअर घेतले होते. संपलं.

मग पाच कोटी लिहायला त्यांना काय खर्च आला? अधिकृत भांडवल जेवढं मोठं, तेवढी रजिस्ट्रारची फी चढत जाते. पाच कोटीला ती साधारण पाच लाखांच्या घरात जाते, वर राज्याची स्टँप ड्युटी. म्हणजे आकडा अगदी फुकट मिळत नाही. पण ते पैसे सरकारजमा झाले, कंपनीच्या खात्यात त्यातला रुपया नाही. पाहुणे म्हणाले, "म्हंजे पाच लाखाची पाटी लावून त्यांनी माझे नऊ नेले." हिशेब बरोबर होता.

अशी पाटी लावायला कायद्यानं मोकळीक दिलेली नाही. कंपनी कायदा 2013, कलम 60. लेटरहेडवर, बिलावर किंवा जाहिरातीत अधिकृत भांडवल छापायचं असेल, तर तितक्याच ठळक अक्षरांत आणि तितक्याच ठळक जागी किती भांडवल विकलं गेलं आणि किती वसूल झालं, तेही छापावं लागतं. दंड मात्र किरकोळ आहे, म्हणून फारसं कुणी जुमानत नाही. पण एकच आकडा छापलेला कागद हातात आला, तर दुसरा का लपवला, हा प्रश्न तिथंच पडायला हवा. आणि वसूल एक लाख असणं हा गुन्हाही नाही. पूर्वी प्रायव्हेट कंपनीला किमान एक लाख लागायचे, ती अटसुद्धा 2015 च्या दुरुस्तीनं गेली.

आता कुणी म्हणेल, धंदा तर लाखोंचा चालला होता, मग पैसा कुठून आला? मी शंभर रुपये फी भरून त्यांचा ताळेबंद काढला. संचालकांनी कंपनीला चाळीस लाख 'असुरक्षित कर्ज' दिलेलं होतं. खरी मेख इथं आहे. शेअरचे पैसे एकदा आत गेले की मालकाला ते सहज परत काढता येत नाहीत. भांडवल कमी करायचं तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची, म्हणजे एनसीएलटीची, मंजुरी लागते आणि तिथं तुम्हा घेणेकऱ्यांनाही हरकत घेता येते. कंपनी बुडाली तर भागधारकाचा नंबर शेवटचा, आधी तुमचे पैसे. कर्जाचं तसं नाही. संचालक एका सकाळी चेक लिहून चाळीस लाख स्वतःच्या खात्यात घेऊ शकतो. त्यानं तेच केलं होतं. तुमच्या मागं उभं राहणारं भांडवल एक लाख होतं, बाकीचा पैसा दारात चप्पल घालून बसलेला होता. आणि शेअरची रक्कम पूर्ण भरलेली असल्यामुळे एरवी त्यांच्या खिशाला हात लावता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करता करता दोन हंगाम जातात.

मागं एका कार्यक्रमात मला विचारलं, मग वसूल भांडवल मोठं दिसलं की बिनघोर उधारी द्यायची का? नाही. वसूल भांडवल हा आत आलेला पैसा आहे, आज शिल्लक असलेला नव्हे. दोन कोटी भरले आणि अडीच कोटी तोट्यात गेले, तरी मास्टर डाटात दोन कोटीच दिसतात. तोटा ताळेबंदात 'राखीव आणि शिल्लक' या ओळीत उणे चिन्हानं बसलेला असतो. कधी शेअर रोख पैशांऐवजी जुन्या मशिनरीच्या बदल्यात दिलेले असतात, आणि मशिनरीची किंमत मालकाच्या मर्जीतल्या माणसानं ठरवलेली असते. वाटपाच्या `PAS-3` फॉर्ममध्ये शेअर रोखीनं दिले की इतर मोबदल्यात, हे लिहिलेलं असतं.

उलटही होतं. दहा रुपयांचा शेअर कुणी पाचशेला घेतला, तर वसूल भांडवलात दहाच धरतात. चारशे नव्वद प्रीमियमच्या खात्यात जातात. अशी कंपनी मास्टर डाटात किडूकमिडूक दिसते, आत मात्र दम असतो.

मग अधिकृत आकडा कुणाच्या कामाचा? कंपनी चालवणाऱ्याच्या. समोर उत्पादक कंपन्यांचे संचालक बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. समजा तुमचे सहाशे सभासद आहेत आणि प्रत्येकाचे दीड हजार जमा आहेत. वसूल भांडवल झालं नऊ लाख. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्राच्या योजनेत सभासदाच्या भांडवलाइतकं अनुदान मिळतं, दर सभासदी दोन हजारांपर्यंत आणि एका कंपनीला जास्तीत जास्त पंधरा लाख. म्हणजे तुम्हाला नऊ लाख मिळू शकतात आणि त्याचे शेअर सभासदांच्या नावे काढायचे असतात. बेरीज अठरा लाख. पण घटनापत्रात अधिकृत भांडवल दहा लाखच लिहिलं असेल, तर दहाच्या वर एकही शेअर काढता येत नाही. आधी सर्वसाधारण सभेत ठराव, मग तीस दिवसांच्या आत `SH-7` फॉर्म आणि वाढीव रकमेवरची फी. हे अनुदानाच्या अर्जाआधी उरका, कारण सभेची नोटीस काढून गणसंख्या जमवायलाच महिना जातो, आणि पेरणीच्या दिवसांत तर सभेला कुणी फिरकत नाही.